मीटिंगचे मिनिट्स कसे लिहायचे: कोणी काय ठरवलं, कोण काय करणार आणि कधीपर्यंत

प्रोजेक्टच्या मीटिंगचे मिनिट्स बहुतेक वेळा "चर्चा झाली" या दोन शब्दांवर संपतात. अमुक विषयावर सविस्तर चर्चा झाली, तमुक बाबीचा आढावा घेण्यात आला, संबंधितांनी लवकरात लवकर कार्यवाही करावी. पुढच्या मंगळवारी परत सगळे बसतात, तोच विषय निघतो, आणि मग अर्धा तास गेल्या वेळी नक्की काय ठरलं होतं यावरच जातो.

आधी एक सांगून टाकतो. कंपनीच्या बोर्ड मीटिंगचं इतिवृत्त ही वेगळी गोष्ट आहे, तिथे कंपनी कायदा २०१३ चं कलम ११८ लागतं, ३० दिवसांत मिनिट्स वहीत आणावे लागतात, सह्या लागतात, ते काम कंपनी सेक्रेटरीचं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्तही तसंच नियमात बांधलेलं. बरेच जण तीच भाषा उचलून प्रोजेक्टच्या मेलमध्ये टाकतात आणि तिथेच गडबड होते. टीमच्या मिनिट्सचा उपयोग पुढच्या आठवड्यात कामं होण्यासाठी, त्याला "सर्वानुमते" वगैरेची गरज नाही.

नुसत्या टिप्स देण्यापेक्षा एक बनवलेलं उदाहरण शेवटपर्यंत नेतो, म्हणजे कुठे काय लिहायचं ते दिसेल. समजा चाकणकडचा एक ऑटो पार्ट्सचा प्लांट आहे आणि तिथे स्टोअरमध्ये बारकोड स्कॅनिंग चालू करायचंय. दर मंगळवारी रिव्ह्यू, ही बारावी मीटिंग, तारीख ९ सप्टेंबर. हजर आहेत प्लांट हेड देशमुख सर, स्टोअरचे कदम, प्रॉडक्शन प्लॅनिंगचे शेख, आयटीची अश्विनी आणि सॉफ्टवेअर व्हेंडरचा निखिल. खरेदीचे गायकवाड आलेले नाहीत. माणसं अर्थातच काल्पनिक आहेत, पण असा संवाद ज्याने प्लांटमध्ये काम केलंय त्याने ऐकलेला असणार:

निखिल: "लेबलचं एकदा फायनल करून टाका, मग मी टेम्प्लेट बनवतो."

कदम: "कागदी लेबल रॅकवर टिकत नाही हो, तेलाचे हात लागतात, कडा सुटतात."

देशमुख सर: "मग रॅकला पॉलिस्टरचं घ्या ना. येणाऱ्या मालाला कागदी चालेल, तो माल काय, आठवड्यात वापरून संपतो."

अश्विनी: "सर, पॉलिस्टरवर छापायला प्रिंटरला रेझिन रिबन लागेल, आपल्याकडे वॅक्सची आहे."

कदम: "गायकवाडांना सांगू, ते मागवतील."

शेख: "पण १ ऑक्टोबरला चालू करायचंय ना? फिनिश्ड गुड्सच्या रॅकना तर नंबरच नाहीत अजून."

कदम: "तिकडे १ तारखेला नाही जमणार, खरं सांगतो."

देशमुख सर: "ठीक आहे. रॉ मटेरियल १ तारखेलाच, ते हलणार नाही. फिनिश्ड गुड्स ३ नोव्हेंबरला घ्या."

आणि विषय बदलला. दीड-दोन मिनिटांचं बोलणं, पण यात दोन निर्णय आहेत, निदान चार कामं आहेत, आणि एक काम अशा माणसावर गेलंय जो खोलीतच नाही.

मीटिंगच्या आधी

गेल्या वेळच्या मिनिट्समधली उघडी कामं नवीन फाइलमध्ये वर कॉपी करून ठेवा आणि आज कुठल्या विषयावर निर्णय हवाय ते एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ "रॅक लेबलचा प्रकार ठरवणे". दहा मिनिटांचं काम आहे. याचा फायदा असा की मीटिंगमध्ये तुमचा कान त्या निर्णयाची वाट बघत असतो, नाहीतर देशमुख सरांचं ते "पॉलिस्टरचं घ्या ना" हे वाक्य सहज बोलता बोलता आलेलं आहे, ते निर्णय म्हणून ऐकूच येत नाही.

दुसरं, लिहिणारा कोण ते आधी ठरवा. जो मीटिंग चालवतोय त्यानेच लिहिणं अवघड जातं. आणि नवीन आलेल्या ट्रेनीकडे हे काम ढकलायची आपल्याकडे पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही, कारण ज्याला वॅक्स आणि रेझिन रिबनमधला फरक माहीत नाही तो अश्विनीचं वाक्य सोडून देणार, आणि तेच वाक्य पुढे प्रोजेक्ट अडवणार. ट्रेनीला द्यायचंच असेल तर पाठवायच्या आधी विषय कळणाऱ्या कोणीतरी वाचायला हवं.

मीटिंग चालू असताना

सगळं लिहायचा प्रयत्न करू नका. वहीच्या डाव्या बाजूला समास सोडा आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका: नि म्हणजे निर्णय, का म्हणजे काम, प्र म्हणजे उघडा प्रश्न. ज्या ओळीपुढे यातलं काहीच बसत नाही ती शक्यतो मिनिट्समध्ये जाणार नाही, गेली तर फक्त कारण म्हणून जाईल. वरच्या संवादाच्या माझ्या नोट्स साधारण अशा असतील: "नि रॅक पॉली, लॉट कागद (तेल). का रिबन रेझिन?? कोण. का गायकवाड ऑर्डर, नाहीत आज. नि आरएम १ ऑक्टो, एफजी ३ नोव्हें. का एफजी रॅक नंबर, कोण?" बस, एवढंच.

त्या प्रश्नचिन्हांकडे बघा, खरं काम तिथे आहे. विषय बदलायच्या आधी तुम्ही तोंड उघडायचं: "सर, एक मिनिट, मी असं लिहितोय, रॅकला पॉलिस्टर, लॉटला कागदी, बरोबर? रिबनचं स्पेसिफिकेशन कोण देणार? आणि गायकवाड नाहीत तर त्यांच्याशी कोण बोलणार, कधीपर्यंत?" सुरुवातीला थोडं ऑकवर्ड होतं, मोठ्या माणसांना मध्ये थांबवायचं म्हणजे. पण हे मीटिंगनंतर जागेवर बसून करता येत नाही, कारण नंतर तुम्ही जे नाव टाकाल ते तुमच्या अंदाजाचं असेल, आणि तो माणूस पहिल्याच मेलला "हे माझ्याकडे कधी आलं?" असं उत्तर देईल आणि त्याचं बरोबरही असेल. प्रत्येक वाक्याला थांबवायचं नाही, विषय संपतोय असं दिसलं की एकदाच, वीस सेकंदात.

समोरून "बघतो" आलं तर ते काम धरायचं नाही. "बघतो म्हणजे शुक्रवारपर्यंत तारीख कळवाल का?" असं विचारा. हो म्हणाले तर काम, नाही म्हणाले तर तो उघडा प्रश्न म्हणून लिहा.

निर्णय कसा लिहायचा

पहिला निर्णय बरेच जण असा लिहितील: "लेबलबाबत चर्चा होऊन पॉलिस्टर लेबल वापरण्याचे ठरले." वाचायला ठीक वाटतं, पण यावरून खरेदी विभाग सगळीकडेच पॉलिस्टर मागवेल, येणाऱ्या मालालाही, आणि ते कागदापेक्षा महाग पडतं. निर्णयाची हद्द लिहिली नाही की असं होतं. मी असं लिहीन:

निर्णय १२-१: रॉ मटेरियल स्टोअरच्या रॅकवर पॉलिस्टर लेबल. येणाऱ्या मालाच्या लॉटवर कागदी लेबलच. कारण: तेलाच्या हातांमुळे रॅकवर कागदी लेबल टिकत नाही, लॉटवरचं लेबल थोडेच दिवस लागतं. ठरवलं: देशमुख.

निर्णय १२-२: स्कॅनिंग १ ऑक्टोबरला (बुधवार) फक्त रॉ मटेरियल स्टोअरमध्ये चालू. फिनिश्ड गुड्स ३ नोव्हेंबरला (सोमवार). कारण: फिनिश्ड गुड्सच्या रॅकना नंबर दिलेले नाहीत. हा निर्णय ९-१ च्या जागी (तेव्हा दोन्ही स्टोअर १ ऑक्टोबरला ठरली होती). ठरवलं: देशमुख.

नंबर साधा आहे, आधी मीटिंगचा क्रमांक, मग त्यातला निर्णय. कारण एका ओळीपेक्षा जास्त नको, पण ते सोडूही नका, कारण महिन्याभराने कोणीतरी नवीन मॅनेजर येऊन विचारणारच की सगळीकडे कागदी लेबल का नाही, स्वस्त पडलं असतं. "ठरवलं: देशमुख" याचा अर्थ जबाबदारी ढकलणं असा नाही, तो निर्णय बदलायचा असेल तर कोणाकडे जायचं ते त्यावरून कळतं. आणि जुना निर्णय बदलला असेल तर जुन्याचा नंबर द्यायचाच, नाहीतर नवव्या मीटिंगचे मिनिट्स उघडून बसलेला माणूस दोन्ही स्टोअरची तयारी करत राहतो.

कोणी विरोध केला असेल आणि निर्णय तरीही झाला असेल तर विरोध एका वाक्यात, नावासकट, पण त्या माणसाला विचारून लिहा. "शेख यांच्या मते एकाच वेळी दोन पद्धती चालवल्या तर प्लॅनिंगला अडचण येईल" इतकं पुरे. आवाज चढला, कोण कोणाला काय बोललं, हे मिनिट्समध्ये येत नाही. मेल फॉरवर्ड होत होत कुठे जाईल त्याचा नेम नसतो.

काम, माणूस, तारीख

इथे जरा थांबून लिहितो कारण मिनिट्स फसतात ते इथेच. आपल्या उदाहरणातली कामं अशी निघतात:

| नं. | काय | कोण | कधीपर्यंत |
|---|---|---|---|
| १२-क१ | पॉलिस्टर लेबल आणि रेझिन रिबनचा साइज, रोलची संख्या गायकवाडांना मेल करणे (सीसी कदम) | अश्विनी | बुध. १० सप्टें. |
| १२-क२ | गायकवाडांशी बोलून ऑर्डर कधी जाणार आणि माल कधी येणार या दोन्ही तारखा टीमला कळवणे | कदम | शुक्र. १२ सप्टें. |
| १२-क३ | रॅक लेबलचं टेम्प्लेट बनवून कागदावर प्रिंट काढून स्टोअरमध्ये स्कॅनरने वाचून दाखवणे | निखिल | सोम. १५ सप्टें. |
| १२-क४ | फिनिश्ड गुड्सच्या सगळ्या रॅकची नंबरसकट यादी अश्विनीला देणे | कदम | शुक्र. २६ सप्टें. |

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक ओळीत एकच नाव. "कदम / अश्विनी" लिहिलं की कदमांना वाटतं अश्विनी करतेय आणि अश्विनीला वाटतं कदम करतायत. दोघांचं खरंच काम असेल तर दोन ओळी करा, जशा पहिल्या दोन केल्यात. "आयटी टीम" किंवा "खरेदी विभाग" हे नाव नव्हे, विभागाला कोणी फोन करत नाही.

दुसरं, काम झालं की काहीतरी दिसलं पाहिजे: मेल, यादी, प्रिंट. "लेबलबाबत समन्वय साधणे" किंवा "टेम्प्लेटवर काम करणे" असं लिहिलं तर ते कधीच संपत नाही, किंवा लगेच संपलेलंच असतं, बोलणारा म्हणेल तसं. तिसऱ्या ओळीत "टेम्प्लेट बनवणे" एवढंच लिहिलं असतं तर निखिलने लॅपटॉपवर फाइल दाखवली असती आणि काम बंद झालं असतं, मग लेबल चिकटवल्यावर कळलं असतं की वरच्या रॅकवरचा बारकोड खाली उभं राहून स्कॅनरला वाचता येत नाही.

तिसरं, गायकवाडांच्या नावावर एकही काम टाकलेलं नाही हे लक्षात आलं असेल. जो मीटिंगला नव्हता आणि ज्याने हो म्हटलेलं नाही त्याच्यावर मिनिट्समधून काम ढकललं तर तो ते मानत नाही, आणि मानलं तरी वाद होतो. हजर असलेल्या माणसावर "त्यांच्याशी बोलून तारीख आणणे" हे काम टाकायचं. गायकवाडांनी तारीख दिली की मग पुढच्या मिनिट्समध्ये त्यांच्या नावाने ओळ. बाहेरचा सप्लायर असेल तरी तसंच, आपल्या बाजूचा एक माणूस नावाने असलाच पाहिजे.

आता तारीख. सगळ्यात सोपं म्हणजे सगळ्याच कामांपुढे पुढच्या मीटिंगची तारीख टाकणं, १६ सप्टेंबर, १६ सप्टेंबर, १६ सप्टेंबर. मग सगळे सोमवारी संध्याकाळी काम सुरू करतात. त्यापेक्षा ज्या तारखेला खरंच गरज आहे तिथून उलटं मोजत या. १ ऑक्टोबरला चालू करायचंय, त्याआधीच्या शनिवार-रविवारी म्हणजे २७-२८ ला स्टॉक मोजायचा, तो स्कॅन करूनच मोजायचा असेल तर लेबल २६ पर्यंत चिकटलेली हवीत, चिकटवायला चार दिवस धरले तर रोल सोमवारी २२ ला हातात हवेत. म्हणजे ऑर्डरचं शुक्रवारी १२ ला कळलंच पाहिजे, आणि त्यासाठी स्पेसिफिकेशन १० लाच जायला हवं. हे मोजल्यावर दिसतं की अश्विनीचं छोटंसं मेलचं काम सगळ्यात तातडीचं आहे, जे मीटिंगमध्ये कोणालाच वाटलं नव्हतं.

तारखेबरोबर वार लिहा, रविवार किंवा सुट्टी चुकून पडली तर लगेच दिसते. आणि "रोल आल्यावर" अशी तारीख नको. ते लिहायचंच असेल तर सोबत एक खरी तारीख द्या जेव्हा कोणीतरी जाऊन रोल आले का ते विचारेल.

३ नोव्हेंबरबद्दल एक शंका मात्र राहते. ती तारीख सरांनी बोलण्याच्या ओघात दिली, कोणी मोजलेली नाही. निर्णय म्हणून ती लिहायचीच, पण उघड्या प्रश्नांत एक ओळ टाकायची: "३ नोव्हेंबर शक्य आहे का, हे १२-क४ ची यादी आल्यावर ३० सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये तपासणे." नाहीतर नोव्हेंबरमध्ये ती तारीख कोणाच्या तरी गळ्यात पडते.

पाठवणं आणि त्यानंतरची दुरुस्ती

त्याच दिवशी पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी. इथे तर अश्विनीचं काम दुसऱ्याच दिवशी आहे, मिनिट्स गुरुवारी गेले तर काय उपयोग. मजकूर मेलमध्येच टाका, अटॅचमेंट म्हणून नको, शॉप फ्लोअरवर मोबाइलवर कोण फाइल उघडतंय. क्रम असा: वर निर्णय, मग कामांचं टेबल, मग उघडे प्रश्न, आणि हजर-गैरहजरची यादी सगळ्यात खाली. गायकवाडांना मेल जायलाच हवा आणि सोबत कदमांनी एक फोनही करावा, मेलमधून पहिल्यांदा कळलं की माणूस दुखावतो.

शेवटी एक वाक्य: "काही चुकलं असेल तर गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत कळवा, नंतर हेच फायनल." बाहेरचा व्हेंडर असेल तर हे वाक्य फार कामाचं, पैशाचा किंवा कामाच्या व्याप्तीचा वाद झाला की दोन्ही बाजू हेच मेल उघडतात. पण करारात बदल करायचा असेल तर तो मिनिट्समधून होतो असं समजू नका, त्याला रीतसर चेंज रिक्वेस्ट लागते.

उत्तरं येतात त्यात दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. अश्विनीने लिहिलं की "मी बुधवार नाही, गुरुवार म्हटलं होतं", ती दुरुस्ती, तपासा आणि बदला. शेखनी लिहिलं की "रॉ मटेरियलही १ तारखेला करू नये असं मला वाटतं, तसं लिहा", ती दुरुस्ती नाही, तो नवीन मुद्दा आहे. मीटिंगमध्ये जे झालं ते बदलत नाही. त्यांना सरळ कळवा की हा मुद्दा १६ तारखेच्या अजेंड्यावर घेतलाय, आणि देशमुख सरांनाही लगेच सांगा कारण तोपर्यंत लेबलची ऑर्डर गेलेली असेल.

पुढच्या मंगळवारी

मीटिंग उघड्या कामांच्या टेबलने सुरू करा, प्रत्येक ओळीला झालं किंवा नाही, कहाणी नाही. झालं असेल तर पुरावा काय ते पाहून बंद करा. झालं नसेल तर नवीन तारीख विचारा, पण जुनी पुसू नका, शेजारी लिहा: "शुक्र. १२ सप्टें. → बुध. १७ सप्टें." एक्सेलमध्ये तारीख ओव्हरराइट करायची सवय फार वाईट, त्यात उशीर दिसतच नाही, सगळं कायम वेळेवर असल्यासारखं दिसतं आणि मग एकदम शेवटच्या आठवड्यात कळतं. एकाच ओळीवर तिसरी तारीख पडली तर बहुतेक वेळा माणूस आळशी नसतो, एकतर काम फार मोठं लिहिलं गेलंय, किंवा ते त्याच्या हातातच नाही. कदमांचं गायकवाडांकडून तारीख आणण्याचं काम दोनदा सरकलं तर ते कदमांच्या नावावर ठेवून काही होणार नाही, ते देशमुख सरांनी उचलायला हवं आणि ओळीवरचं नाव तसं बदलायला हवं.

निर्णय मात्र कामांच्या टेबलमध्ये मिसळू नका. त्यांची एक वेगळी शीट ठेवा, नंबर, तारीख, एक वाक्य, कारण, कोणी ठरवलं, आणि बदलला असेल तर कशाने. कामं बंद होतात आणि खाली जातात, निर्णय लागू राहतात. प्रोजेक्ट संपून सपोर्ट टीमकडे गेला की त्यांना बारा-पंधरा मेल शोधत बसायला लागू नये, ही एक शीट आणि उरलेल्या उघड्या कामांची यादी, नावं नव्या माणसांच्या होकारासकट बदलून, एवढंच त्यांच्या हातात द्यायचं असतं.